छोट्या फ्लॅटमधलं भिंतीवरचं देवघर: बिजागऱ्या, प्रकाश आणि निरांजनाची जागा

मोजमाप असं धरा: २४ इंच रुंद, १२ इंच खोल, १८ मिमी प्लाय, भिंतीवर टांगलेलं, दोन दारं. समोरून घरातल्यांची ये-जा. बिजागऱ्या कोणत्या, आत प्रकाश कोणत्या रंगाचा आणि निरांजन ठेवायचं कुठे? ज्यांनी करून घेतलंय किंवा करून दिलंय, त्यांनी मापांसकट लिहावं.

रंधा
सुरुवात निरांजनापासून करा, कारण बाकीच्या दोन्ही गोष्टी त्यावर ठरतात. बारापैकी सहा इंच मूर्तींना गेले की उरलेल्या सहा इंचांत ज्योत थेट छताखाली येते. म्हणून खाली एक सरकती पाटी हवी, वर ग्रॅनाइटचा तुकडा. पाटी पूर्ण बाहेर ओढायची, मग निरांजन लावायचं, आणि ते शांत झाल्यावरच पाटी आत. साधं टेलिस्कोपिक चॅनेल हलक्या धक्क्यानेही मागे सरकतं, तेव्हा बाहेरच्या टोकाला अडकून राहणारं मागा.

आता बिजागरी. नेहमीचं ऑटो हिंज १०५ ते ११० अंश उघडतं, तरी दार आणि हिंजचा काही भाग आतल्या मोकळ्या जागेत राहतो. आतली रुंदी साधारण साडेबावीस इंच भरते म्हणून पाटी तेवढी करायला गेलात, तर ती दाराला अडते. दोन्ही बाजूंना चॅनेलमागे २० मिमीची पट्टी मारा. चॅनेलची जाडी धरून पाटी जवळपास २० इंचांची बसते.

वातकापूर
एवढं कशाला? जाळीचं दार करा. निरांजन आत ठेवून दार लावलं तरी हवा खेळते, धूर बाहेर जातो.

रंधा
धूर जातो हे खरं. पण उष्णता वर चढते आणि छताखाली साचते, जाळी समोर असून तिचा तिथे उपयोग नाही. शिवाय काजळी जाळीच्या बारीक नक्षीत बसते, ती पुसून निघत नाही. दहा मिनिटांनी ज्योतीच्या वर छतापाशी तळहात धरून पाहा. हात ठेववत नसेल तर जागा चुकली. प्लाय आधी पिवळट, मग तपकिरी दिसायला लागतो. तो डाग धुराचा समजून पुसत बसू नका.

जाळीची आणखी एक अडचण म्हणजे हिंजची वाटी. तिला ३५ मिमी व्यासाचं, ११ ते १२ मिमी खोल भोक लागतं. १२ मिमी एमडीएफच्या जाळीत ते आरपार जातं, किंवा कागदाएवढा पापुद्रा राहतो आणि महिन्याभरात दार लोंबतं. जाळीभोवती १८ मिमीची, निदान अडीच इंच रुंद चौकट घ्या आणि हिंज तिच्यातच बसवा.

शुभ्रा
रंगाचं विचारलंत म्हणून सांगते, आतून पांढरं चकचकीत लॅमिनेट घेऊ नका. काजळी आणि तेलाचे शिंतोडे लगेच दिसतात. फिका बदामी, मॅट बरा.

उजेड
प्रश्न प्रकाशाच्या रंगाचा होता, पण सल्ला कामाचा आहे. एलईडी पट्टी ३००० केल्विनची घ्या. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात पितळ फिकं, हिरवट दिसतं आणि कुंकवाचा लाल रंग मरतो. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा सीआरआय पाकिटावर ९० किंवा जास्त आहे ना, तेही पाहा. पट्टी मागच्या भिंतीला लावली की मूर्तींचे चेहरे काळोखात जातात. पुढच्या कडेला, आतल्या बाजूला ४५ अंशांत वळलेल्या ॲल्युमिनियम पट्टीत बसवा, वर दुधी झाकण. १२ व्होल्टचा ड्रायव्हर देवघराच्या बाहेर, हवा लागेल असा. पण पाटी अर्धवट ओढली तर ज्योत नेमकी या पट्टीखाली येते आणि दुधी झाकण पिवळं पडून वाकतं.

केशर
मला २७०० आवडतो. ज्योतीच्या जवळचा रंग तोच.

उजेड
मूर्ती पितळेच्या असतील तर चालेल. संगमरवर मात्र २७०० मध्ये पिवळा दिसतो. दोन्ही पट्ट्या अर्धा फूट लावून संध्याकाळी बघा, मग ठरवा.

ओटा
आमच्याकडे दारंच नाहीत, ओट्याशेजारी उघडा कोनाडा आहे. एक्झॉस्ट फॅन चालू असला की ज्योत एका बाजूला झुकते आणि त्या बाजूची भिंत काळी होते. काय करावं?

रंधा
निरांजन लागलेलं असेपर्यंत फॅन बंद. त्या बाजूला टाइल किंवा जाड काच लावलीत तर पुसायला सोपं जाईल, पण झुकलेली ज्योत सरळ होणार नाही.

समई
आणि नवरात्रातला अखंड दिवा? पाटी नऊ दिवस बाहेर ठेवली तर ती येण्याजाण्याच्या वाटेतच राहणार.

रंधा
मग तो या देवघरात नकोच. जमिनीवर पितळी परातीत, पडद्यापासून लांब, वर काही टांगलेलं नसेल तिथे.

समई
घरात रांगतं मूल आहे. जमिनीवर ठेवता येणार नाही.

केशर
काचेची चिमणी असलेला दिवा देवघराशेजारी दगडी फळीवर ठेवला तर? फळी भिंतीत किती आत रोवावी लागेल, ते कोणी सांगेल का?