बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलंय, साफ करून भागतं की बॅटरीच बदलायची?

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणला असतो, डिझेल हॅचबॅक आहे, बॅटरीला अडीच वर्षं झालीत. आठवडाभर सकाळी सेल्फ मारला की घर्र... घर्र... असं दमून फिरतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लागते गाडी. लाइट मात्र झक्क, हॉर्नही खणखणीत. बॉनेट उघडून बघितलं तर प्लसच्या क्लॅम्पवर पांढरा भुगा आणि त्यात हिरवट-निळं काहीतरी, फुलकोबीसारखं फुगलेलं. दुकानदार बघताक्षणी म्हणाला बॅटरी गेली, नवीन टाका. भाऊ म्हणतो गरम पाणी ओत, काही नाही होत. कुणाचं खरं?

माळावरचा:
दुकानदाराचं. याला सल्फेशन म्हणतात, एकदा झालं की बॅटरी संपली. बाहेर एवढं दिसतंय म्हणजे आत प्लेटांवर त्याच्या दुप्पट असणार. अडीच-तीन वर्षं म्हणजे तसंही आयुष्य झालं की, पावसात परशुराम घाटात बंद पडण्यापेक्षा आत्ताच बदला, जुनीचे एक्स्चेंजमध्ये पैसे पण मिळतील.

मिरजेची रेवती:
दादा, थांबा जरा, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. सल्फेशन आत प्लेटांवर होतं आणि ते बाहेरून दिसतच नाही. हे जे बाहेर फुलतंय ते बॅटरीतून अॅसिडची वाफ झिरपते, बहुतेक वेळा पोस्टच्या बुडातून नाहीतर झाकणातून, आणि ती क्लॅम्पच्या धातूला खाते. पांढरं असतं ते शिशाचं आणि हिरवं-निळं असतं ते तांब्याचं, म्हणजे चक्क मोरचूद, सुपारीवर फवारायला बोर्डो करता ना तोच. केबल तांब्याची आणि क्लॅम्प पितळेचा असला की त्यातलं तांबं असं बाहेर येतं. त्यामुळे हिरवं दिसलं की मी आधी केबल बघते, बॅटरी नंतर.

लाइट झक्क आणि सेल्फ मलूल, यातच उत्तर आहे खरं तर. हेडलाइटला दहा-बारा अँपिअर लागतात, डिझेलच्या सेल्फला दीडशेच्या वर. पोस्ट आणि क्लॅम्पच्या मध्ये त्या भुग्याचा पातळसा थर जरी बसला तरी दहा अँपिअरला तो कळत पण नाही आणि दीडशेला तिथेच एक-दीड व्होल्ट खाऊन टाकतो. बॅटरी खरंच गेलेली असेल तर सहसा सेल्फ मारताना लाइट पण पार मान टाकतात.

वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मी चालवते, आठवड्याला अशी एकतरी गाडी येतेच, त्यामुळे बघून सांगू नका, मोजून सांगा. मल्टिमीटर डीसीवर, २० व्होल्टच्या रेंजला. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या पोस्टच्या डोक्यावर दाबायचं, काळं टोक त्याच पोस्टच्या क्लॅम्पवर, भुगा खरवडून धातूला लागेल असं. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि दुसऱ्या माणसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.१-०.२ च्या आत आकडा आला तर तो जोड ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर चोर तिथेच आहे. मायनसला पण तेच करा आणि मग दोन्ही पोस्टवर धरून बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज सेल्फ मारताना किती राहतो ते बघा.

माळावरचा:
ताई सगळं मान्य पण वाफ झिरपते म्हणजे बॅटरीत दोष आहे हे तर तुम्हीच म्हणालात. मग साफ करून काय फायदा, महिन्याने परत तेच.

मिरजेची रेवती:
महिन्याने परत आलं तर तुमचं बरोबर निघेल. पण सहा-आठ महिन्यांनी थोडं आलं तर पुसून घ्यायचं, साध्या पाणी भरायच्या बॅटरीत तेवढं होतंच, चार्ज होताना गॅस निघतो त्याच्याबरोबर अॅसिडचे बारीक कण येतात. पाणी मार्कच्या वर भरलं तर अजूनच. आणि अल्टरनेटर जास्त चार्ज देत असेल तर नवी बॅटरी घालूनसुद्धा दोन महिन्यात तोच फुलकोबी, हे लोक विसरतात. गाडी चालू ठेवून जरा रेस देऊन बघायचं, १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे, १५ दाखवत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका.

द्राक्षबाग निफाड:
आमच्या ट्रॅक्टरला आठ वर्षं ही भानगड नाही, कारण बॅटरी बसवतानाच पोस्टला ग्रीस चोपडून मग क्लॅम्प घालतो. हवाच लागली नाही तर चढणार काय. साफ करायला कोला ओता, दोन मिनिटात फसफसून निघतं, मोरचूद-बिरचूद सगळं.

मिरजेची रेवती:
कोल्याने निघतं, पण साखर चिकटून राहते, त्यावर धूळ बसते आणि ती ओलसर राहते, त्यापेक्षा गरम पाणी नि खायचा सोडा बरा. ग्रीस मात्र आधी नको, क्लॅम्प कोरडा घासून पुसून घट्ट आवळायचा आणि मग वरून व्हॅसलीनचा थर. चेसिसचं ग्रीस इंजिनच्या उष्णतेने ओघळतं आणि सगळीकडे पसरतं.

द्राक्षबाग निफाड:
ताई शिसं मऊ असतं, क्लॅम्प आवळला की मधलं ग्रीस दाबून बाहेर पडतं आणि धातूला धातू लागतोच, वर राहिलेल्या फटीत ग्रीस असतं म्हणून वाफ शिरत नाही. तुमच्या पद्धतीत फट कोरडी राहते, तिथूनच सुरुवात होते. आठ वर्षांचा अनुभव आहे, ऐकीव नाही सांगत.

मिरजेची रेवती:
क्लॅम्प नवा आणि पोस्टवर बरोबर बसत असेल तर तुमचं चालेल, नाही म्हणत नाही. माझ्याकडे येतात ते क्लॅम्प हातोडीने ठोकून ताणलेले असतात, दोनच ठिकाणी टेकतात, तिथे मध्ये ग्रीस गेलं की जे टेकत होतं ते पण जातं. म्हणून मी सरसकट कोरडंच सांगते.

कोथरूड ते हिंजवडी:
माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे, मायनसला एक छोटा काळा डबा बसवलाय आणि त्याला बारीक वायर, तिथे थोडं पांढरं दिसतंय. त्यावर पण गरम पाणी ओतू का?

मिरजेची रेवती:
नका ओतू, तो बॅटरीचा सेन्सर आहे. ओल्या ब्रशने नुसतं पुसा, आणि पाना लावून तो डबा कधीच उचकटू नका, आतून तुटतो.

वाशिष्ठीकाठ:
मोजलं. बायको आत बसली सेल्फ मारायला, मी बॉनेटखाली. प्लसच्या पोस्ट आणि क्लॅम्पमध्ये १.४ आला! मायनसला ०.१. पोस्ट ते पोस्ट सेल्फ मारताना १०.६, आणि क्लॅम्प ते क्लॅम्प ९.१. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ होती, चालू गाडीत १४.२ येतो. म्हणजे बॅटरी बरी आहे ना?

मिरजेची रेवती:
अगदी. १०.६ धरलाय म्हणजे जीव आहे तिच्यात, साडेनऊच्या खाली गेला असता तर माळावरच्या दादांचं खरं मानलं असतं. सेल्फला जायला हवा तो दीड व्होल्ट तुमच्या त्या भुग्यातच जिरतोय.

आता साफ करताना घाई नको. अंगठी, घड्याळ काढा, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. दहाचा पाना घेऊन आधी मायनस सोडवा आणि बाजूला कापडात गुंडाळा, मग प्लस. उलटं केलं आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट, पाना लाल होतो, मी बघितलंय. क्लॅम्प निघत नसेल तर ठोकायचं किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकायचं नाही, पोस्ट हलली की बुडाची सील तुटते आणि मग आयुष्यभर झिरपतं. वरून गरम पाणी ओता, थोडा वेळ थांबा, हळूच फिरवून काढा.

भुगा सुका घासू नका आणि फुंकू तर अजिबात नका, शिसं आहे त्यात. ओलाच काढायचा. झाकणं घट्ट आहेत ना ते बघून पेलाभर गरम पाण्यात मोठा चमचा सोडा घाला, जुन्या टूथब्रशने लावा, फसफस थांबेपर्यंत परत परत. सोडा आत सेलमध्ये गेला तर तिथलं अॅसिड मारेल, म्हणून झाकणाजवळ जपून. मग साध्या पाण्याने धुऊन पुसून पूर्ण कोरडं. क्लॅम्पची आतली बाजू आणि पोस्ट काचकागदाने चमकेपर्यंत घासा, बाहेरून चकाचक आणि आतून काळं ठेवलं तर उपयोग शून्य. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस.

आणि केबलचं रबर क्लॅम्पजवळ दाबून बघा. फुगलेलं किंवा कडक लागलं तर आत तांब्याचं पीठ झालंय, मग वरून कितीही घासा.

वाशिष्ठीकाठ:
केलं काल संध्याकाळी. आधी भीती वाटत होती पण क्लॅम्प निघाल्यावर बघतो तर आतली बाजू अख्खी करड्या थराने झाकलेली, नखाने खरवडला तर खपली निघाली, फक्त एका कोपऱ्यात नाण्याच्या कडेएवढं चमकत होतं, सगळा करंट तिथूनच जात असणार. आज सकाळी सेल्फ एका झटक्यात. प्लसचा आकडा १.४ वरून ०.०८ वर आला. व्हॅसलीन वरूनच लावलंय, आणि खाली लाल-हिरव्या फेल्टच्या चकत्या मिळाल्या त्या पण टाकल्या. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग गेली तेवढी परत करावी लागली.

माळावरचा:
छान झालं, पण आत्ताच जिंकलो म्हणू नका. तीन आठवड्यांनी पोस्टच्या बुडाशी बघा, क्लॅम्पवर नाही, बुडाशी.

वाशिष्ठीकाठ:
तीन आठवडे झाले म्हणून लिहितो. सेल्फ अजून झकास आहे. पण माळावरचे म्हणाले तसं प्लसच्या बुडाशी, चकतीच्या कडेने, बारीक पांढरी कड आलीय, केसाएवढी. पाणी मार्कच्या खालीच आहे, चार्जिंग आज पण १४.२.

माळावरचा:
सील गेलीय. वॉरंटी कार्ड काढा, मुदत शिल्लक असेल तर आत्ताच दाखवा.

मिरजेची रेवती:
सीलचा संशय मलाही आहे. वॉरंटी असेल तर दाखवायला काहीच हरकत नाही, पण स्वतःच्या पैशाने आज बदलू नका. ती कड सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडी करा, तारीख लिहून ठेवा, आणि महिन्याने परत तो सेल्फवाला आकडा घ्या. ०.२ च्या वर गेला तर सांगा.

द्राक्षबाग निफाड:
आणि ह्या वेळी आधी ग्रीस लावून बघा की एकदा, बुडाशी तरी.