मदत हवी आहे: भाच्याचा वयाचा रिपोर्ट कसा वाचायचा?

हर्णैची_मावशी: भाचा ट्रॉलरवर खलाशी. मे 2025 मध्ये जेटीवर मारामारी झाली, त्यात त्याचं नाव आलं. जन्म घरी झाला, नोंद नाही. आम्ही म्हणतो सतरा, पोलीस म्हणतात एकोणीस. सप्टेंबरात एक्स-रे काढले. रिपोर्टात आहे: कोपर पूर्ण जुळलेलं, मनगटात रेडियसचं खालचं टोक पूर्ण जुळलेलं नाही, कमरेच्या हाडाच्या कडेचं केंद्र दिसतं पण जुळलेलं नाही. वय 16 ते 18. म्हणजे नेमकं किती?

बंदरवाला: कोपरात सहा केंद्रं असतात, ती मोजली की वय निघतं. माझा मेहुणा एक्स-रे काढतो.

फिल्मवाचक: मेहुण्याचं लहान मुलांपुरतं बरोबर आहे. ती केंद्रं साधारण पहिल्या ते बाराव्या वर्षात एकेक करून दिसू लागतात. मुलांचं कोपर सोळाच्या आसपास जुळून गेलं, की त्यापुढे ते काही सांगत नाही. इथे सगळा भार मनगटावर. मुलग्यांत ते बहुधा अठरा-एकोणीसला जुळतं, मुलींत वर्ष-दोन वर्षं आधी.

ताई, फिल्म खिडकीपाशी धरा. टोक आणि दांडा यांच्यामध्ये काळी फट दिसली तर तिथे अजून कूर्चा आहे. बारीक पांढरी रेघ असेल तर ते जुळल्याची खूण. ती रेघ पुढे कित्येक वर्षं राहते आणि घाईत तिलाच फट समजतात. जुळणी मधून सुरू होते, म्हणून कडा नीट बघा.

नानू_मालवण: माझ्या चेडवाक पण डॉक्टरान हाताचो फोटो काढूक सांगितल्यान. उंची वाढणा नाय म्हणान. ह्या तसलाच काय?

फिल्मवाचक: फोटो तोच, प्रश्न वेगळा. तुमच्याकडे वय माहीत आहे, हाड मागे आहे का ते बघतात. इथे हाडावरून वय काढायचंय. पोटाची आबाळ झालेल्या पोराचं हाड मागे राहतं, म्हणजे खरं वय जास्तही निघू शकतं. तेव्हा 16 ते 18 ही काही दगडावरची रेघ नव्हे. 1982 च्या जयमाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरली होती.

वकील_दापोली: आणि हाडं सप्टेंबरचं वय सांगतात, कोर्टाला मे महिन्याचं हवंय. मुळात बाल न्याय कायदा 2015, कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच हाडं. पोरगा शाळेत गेलाच नाही का?

हर्णैची_मावशी: चौथीपर्यंत गेला. आज दाखला आणला, जन्म 1 जून 2007. मारामारी 12 मेची, म्हणजे अठराला वीस दिवस कमी. पण गुरुजींनी अर्ध्या वर्गाला 1 जूनच लावलाय. आई म्हणते, नारळी पौर्णिमेला झाला. साल तिलाही आठवत नाही.

वकील_दापोली: दाखला अस्सल आहे ना? समोरचा वकील 1 जूनवरच बोट ठेवणार. शाळेत जाऊन मूळ जनरल रजिस्टर बघा, कोणी काय सांगून नाव घातलं ते.

फिल्मवाचक: आणि मनगटाची फिल्म परत मागून घ्या. फट की रेघ, ते इथे लिहा.