मदत हवी आहे : इस्ट्रोजेन जेल दंडावर लावावे की मांडीवर? घरात नऊ महिन्यांचा नातू आहे

शांतादुर्गा_फोंडा

सर्वांना नमस्कार. माझे वय 49 असून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढल्यानंतर रात्री घामाने अंथरूण भिजणे आणि झोप मोडणे इतके वाढले, की मडगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेन जेल सुरू करून दिले. ट्यूबसोबत प्लास्टिकचे माप आले आहे, त्याने रोज सकाळी अडीच ग्रॅम जेल घेऊन दोन्ही दंडांवर पसरायचे, असे त्यांनी सांगितले. त्रास पुष्कळ कमी झाला आहे, त्यामुळे औषध बंद करण्याचा विचार नाही.

प्रश्न वेगळाच आहे. माझी मुलगी पणजीला नोकरीला जाते आणि सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तिचा नऊ महिन्यांचा मुलगा माझ्याकडे असतो. मी त्याला आपल्या जुन्या पद्धतीने पाय पसरून, पायांवर निजवून तेल लावते व आंघोळ घालते, आणि दुपारी तो माझ्या दंडावर डोके ठेवूनच झोपतो. माहितीपत्रकात मुलांचा स्पर्श टाळावा असे लिहिले आहे, पण किती वेळ आणि कसा, हे माझ्या घरच्या रीतीला लावून पाहता येत नाही. दंडावर लावले तर दुपारची झोप आड येते, मांडीवर लावले तर आंघोळ. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे हवा इतकी दमट असते की जेल वाळले की नाही तेच कळत नाही. पुढच्या तपासणीला अजून अवकाश आहे, म्हणून येथे विचारते आहे.

माडाचीसावली

ताई, फार काळजी करू नका. जेल वाळले की ते अंगात शिरलेले असते, मग बाळाला काही होत नाही. माझी जाऊ दंडावर लावून पाच मिनिटे पंख्याखाली बसते आणि मग घरकामाला लागते. हात मात्र धुवावेत, किंवा सॅनिटायझर लावला तरी चालते.

निवृत्त_औषधविक्रेता

वरच्या प्रतिसादातील पाच मिनिटांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. जेलमध्ये अल्कोहोल असते. साधारण पाच मिनिटांत ते उडून जाते, त्वचेचा ओला चकाकीपणा जातो आणि बोट फिरवले तर चिकटत नाही. पण उडते ते अल्कोहोल, इस्ट्रोजेन नव्हे. ते त्वचेच्या वरच्या थरात साठते आणि तेथून दिवसभर हळूहळू रक्तात जाते. म्हणूनच दिवसातून एकदा लावले तरी पुरते. याचा अर्थ असा की जेल वाळल्यानंतरही त्या जागी काही अंश असतोच, आणि उघड्या कातडीला कातडी घासली तर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. वाळल्यावर कपड्याने जागा झाकणे आणि निदान तासभर कोणाचा स्पर्श होऊ न देणे ही किमान मर्यादा झाली. त्यानंतर सर्व मोकळे, असा तिचा अर्थ नाही.

या जातीच्या एका जेलची चाचणी प्रौढ स्त्रियांवर झाली होती. लावून एक तास झाल्यावर दुसऱ्या स्त्रीने त्या जागी पंधरा मिनिटे कातडीला कातडी लावली, तरी तिच्या रक्तातील पातळी वाढली नाही. ऐकायला दिलासा वाटतो, पण त्या स्त्रिया मोठ्या होत्या आणि संपर्क पंधरा मिनिटांचाच होता. नऊ महिन्यांच्या बाळाचे वजन आठ-नऊ किलो, त्याच्या शरीरातील स्वतःचे इस्ट्रोजेन अगदी नगण्य, आणि संपर्क रोजचा व तासन्तास. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूस मारायच्या इस्ट्रोजेनच्या फवाऱ्याबाबत 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला होता, कारण घरातील लहान मुलांमध्ये स्तनाग्रे सुजणे आणि छाती वाढणे असे प्रकार दिसले होते. जेल हे फवारा नव्हे, परंतु औषध तेच आहे.

सॅनिटायझरविषयी एकच सांगतो : तो जंतू मारण्यासाठी असतो. बोटांवरचे हार्मोन त्याने निघून जात नाही, ते फक्त पसरते. लावल्याबरोबर हात साबण आणि पाण्यानेच धुवावेत.

शांतादुर्गा_फोंडा

धन्यवाद. मग मी नेमके काय करावे? बाळाला दूर ठेवणे मला शक्य नाही.

निवृत्त_औषधविक्रेता

दूर ठेवायचीही गरज नाही, फक्त वेळ बदलावी. बाळ रात्री त्याच्या आईजवळ असते ना? मग जेल सकाळी न लावता रात्री, बाळ झोपल्यावर, आंघोळ करून अंग कोरडे झाल्यावर लावावे. ओल्या किंवा घामेजलेल्या कातडीवर जेल नीट पसरत नाही, आणि आपल्याकडे जूनपासून पुढे हीच मोठी अडचण असते. तेव्हा आधी टॉवेलने अंग टिपून दोन-चार मिनिटे पंख्याखाली बसावे, मग लावावे. रगडू नये, चोळू नये, हलक्या हाताने पातळ थर पसरावा. वाळायला दमट हवेत थोडा जास्त वेळ लागला तर लागू द्यावा. घड्याळापेक्षा बोटाला चिकटते का, हे पाहणे अधिक खरे. ओले असेपर्यंत गॅसच्या शेगडीजवळ वा देवघरातील पेटत्या समईजवळ जाऊ नये, कारण अल्कोहोल पेट घेते.

रात्री दहाला लावले तर सकाळी आठपर्यंत दहा तास मिळतात. उठल्यावर ती जागा साबणाने स्वच्छ धुतली की वर उरलेले बरेचसे निघून जाते. येथे कोणी विचारील की धुतल्याने औषधच कमी होणार नाही का. त्याच जेलच्या चाचणीत तासाभराने जागा धुतल्यावर चोवीस तासांची सरासरी पातळी सुमारे 22 टक्क्यांनी घटली होती. म्हणून तासाभरात धुणे तोट्याचे आहे, पण रात्रभरानंतर धुण्याची भीती बाळगू नये.

आता दंड की मांडी. मला तुमच्या बाबतीत मांडी बरी वाटते. दंड दिवसभर उघडे, बाळ त्यांना पकडणार, दात येत असल्यामुळे चावणारही. मांडी दिवसभर झाकलेली असते, आणि तिचा संपर्क येतो तो फक्त तेल-आंघोळीच्या वेळी, ज्याआधी पाय धुऊन घेणे तुमच्या हातात आहे. मात्र डॉक्टरांना फोन करून जागा आणि वेळ दोन्ही बदलत असल्याचे सांगावे. बदलाच्या दिवशी सकाळचे न लावता रात्री लावावे की आणखी कसे, ते त्याच ठरवतील. दोनदा मात्र लावू नये.

केपेकर_सुलभा

मला मांडीचे पटत नाही. माझी आईही नातवंडांना पायांवरच घेऊन न्हाऊ घालायची. तेल चोळताना बाळ पोटऱ्यांवरून मांडीपर्यंत सरकते, आणि तेलात-साबणात घासले गेल्यावर त्वचेतले काय काय बाहेर येत असेल, कोण जाणे. त्यापेक्षा दंडाच्या बाहेरच्या बाजूस लावून सुती पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज किंवा गाऊन घालावे. गोव्याच्या उकाड्यात जड जाईल, हे मान्य आहे.

निवृत्त_औषधविक्रेता

सुलभाताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तेल लागल्यावर नेमका किती फरक पडतो, याचा पक्का आकडा माझ्यापाशी नाही. म्हणूनच रात्रीची वेळ आणि सकाळचे साबण हे दोन्ही सांगितले. ज्यांना तरीही शंका वाटते, त्यांनी काही महिने बाळाची आंघोळ टबात उरकावी. दंडाबाबत एक तांत्रिक अडचणही आहे. रक्तातील इस्ट्रोजेन तपासायचे असेल आणि त्याच हाताचे रक्त काढले, तर त्वचेवरचे जेल सुईसोबत मिसळून आकडा खोटा फुगतो. मांडीवर लावणाऱ्यांना हा घोळ होत नाही.

सत्तरीची_मीरा

मला जेल नाही, चिकटपट्टी दिली होती, पण घामाने ती दर दुसऱ्या दिवशी निघायची. ती पट्टीही बाळाला चिकटू शकते का? आणि जेलवर वरून खोबरेल तेल लावले तर त्वचा कोरडी पडणार नाही ना?

निवृत्त_औषधविक्रेता

मीराताई, पट्टी निघून बाळाच्या अंगाला किंवा पांघरुणाला चिकटली तर धोका जेलपेक्षा कमी नाही, तेव्हा निघालेली पट्टी औषधी बाजू आत ठेवून घडी घालावी आणि बाळाच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. ती घामाने वारंवार निघत असल्यास तुमच्या डॉक्टरांना दुसरा प्रकार विचारा. जेलवर तेल, मलम वा ऊन-संरक्षक क्रीम निदान तासभर तरी लावू नये, कारण त्याने शोषण बदलते. रात्री लावणाऱ्यांनी तर काहीच लावू नये.

पेडणेकर

बाळाच्या अंगाला चुकून लागलेच तर? माझ्या भाचीच्या मुलीची, वय दोन वर्षे, छाती सुजली होती. बालरोगतज्ज्ञांनी घरात कोण काय लावते, हे विचारले तेव्हा आजीचे जेल निघाले. आजीने जागा झाकायला सुरुवात केल्यावर काही महिन्यांत सूज ओसरली, पण डॉक्टरांनी त्याआधी तपासण्या केल्या आणि तेच कारण होते असे ठामपणे म्हटले नाही.

निवृत्त_औषधविक्रेता

ठामपणे न म्हणणे योग्यच. या वयात छातीखाली छोटी गाठ इतर कारणांनीही दिसते, काही वेळा ती नैसर्गिकच असते, म्हणून स्वतः निदान करू नये आणि सगळा दोष जेलवरही टाकू नये. पण मुलगा असो वा मुलगी, छाती किंवा स्तनाग्र सुजलेले वाटले, मुलीच्या गुप्तांगातून पांढरे पाणी वा रक्त आले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जाताना जेलची ट्यूब सोबत न्यावी. ते विचारायला विसरतील, पण तुम्ही सांगायला विसरू नका. चुकून लागल्यास ताबडतोब साबण आणि पाण्याने ती जागा धुवावी. एकदा धुतले की घाबरण्याजोगे काही नाही, घात करतो तो रोजचा नकळत होणारा स्पर्श.

एक बारीक गोष्ट राहिली. जेल लावल्यावर ज्या गाऊन-साडीचा त्या जागेशी स्पर्श होतो, ती साडी बाळाला दुपटे म्हणून गुंडाळू नये. आपल्याकडे आजीची जुनी मऊ साडीच बाळाची गोधडी होते, म्हणून मुद्दाम सांगतो. ट्यूबही उंच कपाटात ठेवावी.

शांतादुर्गा_फोंडा

आज डॉक्टर बाईंना फोन केला. त्यांनी रात्रीची वेळ चालेल असे सांगितले, आजपासूनच सुरू करायला हरकत नाही म्हणाल्या, आणि जागा मांडीची बाहेरची बाजू ठरली. बाळाला न्हाऊ घालण्याआधी मी पाय साबणाने धुवीन आणि तेल लावताना त्याला गुडघ्यांच्या खालीच घेईन. सुलभाताई, महिनाभर टबाचाही प्रयोग करणार आहे, त्याला तो आवडला तर बरेच. डॉक्टरांना विचारायचे एक राहून गेले, म्हणून येथेच विचारते : मुलगी पुन्हा गरोदर राहण्याचा विचार करते आहे, तर तिनेही माझी ट्यूब किंवा त्या गाऊनला हात न लावण्याची काळजी घ्यावी का?

निवृत्त_औषधविक्रेता

घ्यावी. गरोदर स्त्रीने आणि जी गरोदर असू शकते तिने ती जागा आणि ओले जेल टाळावे, आणि ते गाऊन वेगळे धुतले तर अधिक चांगले. तुमच्या मुलीने स्वतःच्या डॉक्टरांनाही याची कल्पना द्यावी.