मदत हवी आहे: चवळी-मारवेलचं सुकं गवत पोत्यात गरम झालं

मनोरीकर: दोन गुंठ्यांत मारवेल आणि चवळी आहे, शेळ्या चार. ऑक्टोबरच्या उन्हात कापून दोन दिवस वाळवलं. पानं कुरकुरीत झाली म्हणून पोत्यांत दाबून भरलं. पाचव्या दिवशी पोत्यात हात घातला तर आत कोमट, आणि तळाला पांढरी बुरशी. चूक कुठे झाली?

तात्या_वसई: पानांवर भरवसा ठेवलात, तिथेच चुकलं. चवळीचं पान एका दिवसात वाळतं, खोडात पाणी राहतं. पुढच्या वेळी जाड खोडाची साल नखाने खरवडा. साल निघाली किंवा नख ओलसर लागलं तर भरायचं नाही. कापताना चवळीची खोडं जरा ठेचलीत तर ती पानांच्या बरोबरीने वाळतात.

गावठी_गडी: दादा, अजून दोन दिवस कडक उन्हात ठेवायचं, बास. आणि उशिरा कापा, माल जास्त भरतो.

तात्या_वसई: माल भरतो, पण मारवेलचा तुरा पिकला की काडी होते, शेळ्या पानं ओरबाडून बाकीचं तुडवतात. तुरे नुकते बाहेर पडायला लागले की कापा, चवळी फुलावर असताना. आणि कडक उन्हात उलथलंत तर चवळीची पानं झडून भुगा जमिनीवर राहतो. सकाळी दव उडत आलं, पण पानं अजून नरम आहेत, तेव्हा उलथा. संध्याकाळी छोटे ढीग करून वर ताडपत्री, म्हणजे रात्रीचं दव आत शिरत नाही.

सोसायटीवाली: गच्चीवरच्या लॉनचं गवत सशाला असं वाळवता येईल का? मशीनने कापलेलं आहे.

तात्या_वसई: ताई, तो बारीक चुरा थरात गोळा होऊन आंबतो. वेगळा धागा काढा.

मनोरीकर: वाळलं हे नक्की कसं कळेल? नखाने अंदाज चुकतो.

तात्या_वसई: बरणीत थोडं गवत कापून टाका, चमचाभर मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर ठीक, गोळे झाले तर अजून ओल आहे. मुंबईत मीठच ओलं असतं, म्हणून आधी तव्यावर भाजून गार करा. वजनानेही पडताळा: 10 किलो हिरव्यात 8 किलो पाणी धरलं, तर नीट वाळून साधारण 2.3 किलो उरायला हवं. तुमचं किती भरलं होतं?

मनोरीकर: 40 किलोचं 13 किलो.

तात्या_वसई: म्हणजे जवळपास 4 किलो पाणी जास्त! पोती उघडा, दाबू नका, भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवा. पंधरवडा रोज लोखंडी सळई आत खुपसून पाव तासाने काढा. हातात धरवत नसेल तर लगेच सगळं पसरा.

गावठी_गडी: बुरशीवालं झटकून उन्हात टाका, आम्ही गुरांना घालतो.

तात्या_वसई: गाभण शेळीला तर मुळीच नको. तळाचं खतात टाका.

मनोरीकर: आणि वरचं, ज्यावर डाग नाही पण वास येतो?

तात्या_वसई: कसला वास, गोडसर की कुबट?

मनोरीकर: बायको म्हणते तंबाखूसारखा. मला कुबट वाटतो.