बाटलीवरचं 'टक्के डब्ल्यू बाय व्ही' : मराठीत काय म्हणायचं, आणि बाटलीत औषध किती ग्रॅम?

मेंढरंवाला, दहिवडी
पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही मेंढरांना जंताचं औषध पाजतो. नेहमीच्या बाटलीवर 'अल्बेंडाझोल 2.5 टक्के' आणि त्याच्यापुढं इंग्रजी डब्ल्यू, तिरकी रेघ, व्ही असं छापलेलं असतं. या खेपेला दुकानदारानं "तेच औषध आहे" म्हणून दुसरी बाटली दिली, तिच्यावर 10 टक्के आहे. डब्ल्यू-व्ही तसंच. दोन्ही बाटल्या 100 मिलीच्या. जनावरांच्या डॉक्टरांनी माप सांगितलंय किलोला साडेसात मिलिग्रॅम, आणि त्या हिशोबानं 30 किलोच्या मेंढीला आम्ही 9 मिली पाजत आलोय. या डब्ल्यू-व्हीला मराठीत काय म्हणतात? आणि बाटलीत औषध नक्की किती ग्रॅम असतं?

कराडकर
सोपं आहे भाऊ. डब्ल्यू म्हणजे वॉटर. जितके टक्के तितके ग्रॅम औषध आणि बाकीचं पाणी. पहिल्या बाटलीत अडीच ग्रॅम, दुसऱ्या बाटलीत 10 ग्रॅम. आमच्या घरी लिटरची बाटली आहे 2.5 टक्क्यांची, तिच्यातही अडीच ग्रॅमच.

गुरुजी, वाई
वॉटर नव्हे. डब्ल्यू म्हणजे वेट आणि व्ही म्हणजे व्हॉल्यूम. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत वस्तुमान आणि आकारमान. 'वस्तुमान-आकारमान टक्केवारी' असं म्हणता येईल. पण मला या 'टक्के' शब्दालाच हरकत घ्यायची आहे. टक्का म्हणजे शंभरातले इतके, आणि दोन्ही बाजूंना एकच एकक हवं. शंभर रुपयांतले पाच रुपये, शंभर मुलांतली पाच मुलं. इथे वर ग्रॅम आणि खाली मिलिलिटर. मग हा टक्का कसला?

औषधवाला, मिरज
गुरुजींची हरकत रास्त आहे. ही औषधशास्त्रातली रूढी आहे. 100 मिली पाण्याचं वजन जवळपास 100 ग्रॅम भरतं, त्यामुळे पातळ द्रावणात 'शंभर मिलीत इतके ग्रॅम' म्हटलं काय आणि टक्के म्हटलं काय, फारसा फरक पडत नसे. पुढे तेच चिन्ह रुळलं. गणिताच्या काटेकोर अर्थानं तो टक्का नाही. तयार औषधाच्या दर 100 मिलीत इतके ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ.

कराडकर, 100 मिलीच्या बाटल्यांसाठी तुमचं उत्तर बरोबर आलं, पण ते बाटली 100 मिलीची आहे म्हणून. टक्क्याचा आकडा बाटलीबद्दल बोलत नाही, 100 मिलीबद्दल बोलतो. तुमच्या घरच्या लिटरच्या बाटलीत असे दहा शंभर आहेत. तेव्हा तिच्यात 25 ग्रॅम अल्बेंडाझोल आहे, अडीच नाही. आणि तेच औषध 30 मिलीच्या छोट्या बाटलीत घेतलं तर पाऊण ग्रॅम. तिन्हींवर टक्का मात्र 2.5 च छापलेला असणार.

दहिवडीच्या भावांसाठी आणखी एक पायरी. ग्रॅमनं बाटलीचा हिशोब कळतो, पण पाजताना लागतं ते एका मिलीतलं औषध. टक्क्याला दहानं गुणलं की मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. 2.5 टक्के म्हणजे मिलीला 25 मिलिग्रॅम, 10 टक्के म्हणजे मिलीला 100. तुमच्या 30 किलोच्या मेंढीला साडेसातच्या मापानं 225 मिलिग्रॅम लागतात. जुन्या बाटलीतून त्याचे 9 मिली होतात, म्हणजे तुमचा आजवरचा हिशोब चोख आहे. नव्या बाटलीतून त्याचे होतात सव्वादोन मिली. सवयीनं 9 मिलीच पाजलंत तर पोटात 900 मिलिग्रॅम जाईल, चौपट. मेंढ्या नुकत्या फळल्या असतील तर जास्तच जपा. अल्बेंडाझोल गाभाच्या पहिल्या महिन्यात पोटातल्या पिलाला बाधतं, त्यात व्यंग येऊ शकतं. कळपात फळलेल्या किती आहेत ते डॉक्टरांना आधी सांगा, मगच बाटली उघडा.

मेंढरंवाला, दहिवडी
बरं झालं विचारलं. मेंढा सोडून महिना झाला नाही अजून. पण मग एक सुचतंय. नवीन औषधात तिप्पट पाणी घालून जुन्यासारखं पातळ केलं तर? 9 मिलीचं माप हाताला बसलंय, आणि पाजायच्या पिचकारीवर खूण पण तिथंच आहे.

औषधवाला, मिरज
हिशोबात ते बसतं, बाटलीत बसत नाही. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं. बारीक भुकटी घट्टसर द्रवात तरंगत ठेवलेली असते, शाळेच्या भाषेत निलंबन. ती तरंगत राहावी म्हणूनच कंपनी द्रव दाट करते. तुम्ही पाणी ओतलंत की दाटपणा जातो आणि भुकटी झपाट्यानं तळाला बसते. मग पहिल्या मेंढ्यांना नुसतं पांढुरकं पाणी मिळतं आणि शेवटच्यांना गाळ. पहिल्यांचे जंत जगतात आणि त्या औषधाला सरावतात, शेवटच्यांना भलताच डोस जातो. सव्वादोन मिली मोठ्या पिचकारीनं नीट मोजता येत नाही, म्हणून सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज वापरा.

न पातळ केलेल्या बाटलीतही हाच धोका असतो, फक्त कमी. लेबलवरचे दर 100 मिलीतले 10 ग्रॅम खरे ठरतात ते बाटली नीट हलवल्यावरच. ती उलटी करून तळाकडे बघा. पांढरा थर चिकटून राहिलेला दिसला तर अजून हलवायला हवी. भरपूर हलवूनही थर सुटत नसेल, किंवा गुठळ्या येत असतील, तर त्या बाटलीतला कुठलाच मिली भरवशाचा नाही. ती परत करा.

सिस्टर, सांगली
ग्रॅम आणि टक्के यांची गल्लत आमच्या वॉर्डात नव्या मुलींचीही होते, म्हणून लिहिते. 500 मिलीची 5 टक्के डेक्स्ट्रोजची बाटली घ्या. पाच शंभर, प्रत्येकात 5 ग्रॅम, म्हणजे 25 ग्रॅम साखर. आता 100 मिलीची 25 टक्क्यांची घ्या. तिच्यातही 25 ग्रॅमच. मुली विचारतात, साखर तेवढीच आहे तर कुठलीही लावली म्हणून काय बिघडलं? बिघडतं. 5 टक्क्यांचं पाणी हाताच्या शिरेतून तासन्‌तास शांतपणे जातं. 25 टक्क्यांचं दाट असतं, शिरेला झोंबतं, आणि शिरेबाहेर गळलं तर तिथली कातडी, मांस खराब करतं. ते साखर एकदम उतरलेल्या माणसाला, डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळू द्यायचं असतं. बाटलीत किती आहे हे ग्रॅम सांगतात आणि ते किती दाट आहे हे टक्के सांगतात. मी मुलींना दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला लावते.

गुरुजी, वाई
सिस्टर, उदाहरण फार चांगलं. आता मिरजकरांना विचारतो. 25 टक्क्यांचं 100 मिली करायचं तर 25 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात टाकायची, की 75 मिली पाण्यात?

औषधवाला, मिरज
दोन्ही नाही. 25 ग्रॅम ग्लुकोज विरघळल्यावरही द्रावणात सुमारे 15 मिली जागा घेतं. 100 मिली पाण्यात टाकलंत तर सगळं मिळून 115 मिलीच्या आसपास होतं आणि दर 100 मिलीत जेमतेम पावणेबावीस ग्रॅम उरतात. 75 मिलीत टाकलंत तर एकूण 90 मिलीच भरतं, म्हणजे ते जास्त तीव्र होतं. म्हणून आधी साखर थोड्या पाण्यात विरघळवतात आणि मग भांड्यावरच्या 100 मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घालतात. पाणी किती लागलं हे कुणी मोजत नाही, खूण गाठली की थांबायचं. औषधांच्या लेबलवर पाण्याचा आकडा न देता 'पुरेसं' अशा अर्थाची लॅटिन अक्षरं असतात ती याचसाठी. त्यामुळे कराडकरांचं 'बाकीचं पाणी' हे वजाबाकीनं काढता येत नाही.

ही आमची कारखान्यातली पद्धत सांगितली. शिरेतून द्यायचं काहीही घरी करायचं नसतं.

द्राक्षबाग, तासगाव
माझ्या बाटलीचं कोडं सोडवा. इमिडाक्लोप्रिड आणलंय, 17.8 टक्के एसएल. पण माहितीपत्रकात लिटरला 200 ग्रॅम लिहिलंय. तुमच्या नियमानं 178 ग्रॅम यायला पाहिजे. कंपनी फसवते का?

कराडकर
अहो, इथे औषधाची चर्चा चाललीय, फवारणीची नाही.

औषधवाला, मिरज
असू दे, प्रश्न याच विषयातला आहे. लेबलवर नीट बघा, तिथे डब्ल्यू बाय डब्ल्यू असेल. म्हणजे 100 ग्रॅम द्रवात 17.8 ग्रॅम, वजनाला वजन. गुरुजींना पटेल असा हा खरा टक्का. ते द्रव पाण्यापेक्षा जड आहे, त्याचा लिटर साधारण 1.12 किलो भरतो. 1,120 ग्रॅमचे 17.8 टक्के काढले की 199 आणि काही येतात, म्हणजे तुमचे 200 ग्रॅम. फसवणूक नाही. त्याच औषधाचा डब्ल्यू बाय व्ही काढला असता तर 20 टक्के आला असता. दुसरं अक्षर न वाचता दोन कंपन्यांच्या बाटल्या ताडून बघितल्या की असा घोटाळा होतो. आणि एक सांगतो, वजनाला वजन असेल तर बाटलीचे मिली कळून ग्रॅम निघत नाहीत. द्रव किती जड आहे तेही कळावं लागतं.

गुरुजी, वाई
मग मराठी शब्द ठरवू या. एकासाठी 'वजन-वजन टक्के', दुसऱ्यासाठी 'वजन-आकारमान टक्के'. मुलांनाही कळतील.

सिस्टर, सांगली
मला नाही वाटत चालतील. घाईच्या वेळी 'वजन-आकारमान टक्के' म्हटलं तर समोरची मुलगी माझ्याकडे बघत राहील. 'शंभर मिलीत पाच ग्रॅम' म्हणावं, त्यात हिशोबही आला.

गुरुजी, वाई
पण तो शब्द नाही, वाक्य झालं. लेबलवर वाक्य कसं छापणार?

औषधवाला, मिरज
छापतात की. बऱ्याच बाटल्यांवर मागच्या बाजूला 'दर मिलीत इतके मिलिग्रॅम' असं असतंच. मराठीत लेबल छापायची वेळ आली तर मी सिस्टरांच्या बाजूनं असेन. पुस्तकात मात्र गुरुजींचा शब्द लागेल, तिथे दोन्ही प्रकार वेगळे दाखवायचे असतात.

कराडकर
एक राहिलं. आमच्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम आहेत हे मान्य. मग ती अडीचशे मिली वापरून झाली असेल तर आता किती?

मेंढरंवाला, दहिवडी
हे मी सांगतो. साडेसातशे मिली उरलं, म्हणजे साडेसात शंभर, प्रत्येकात अडीच ग्रॅम. पावणेएकोणीस ग्रॅम. पण हलवून काढलं असेल तरच. डॉक्टर उद्या दहिवडीच्या बाजाराला येतात, फळलेल्या मेंढ्यांचं त्यांना विचारतो आणि तोवर 10 टक्क्यांची बाटली बाजूला ठेवतो.