शब्दचर्चा : ‘एक्स्प्लनेटरी गॅप’ म्हणजे दरी की फट?

मुक्ता: जाणिवेवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. तत्त्वज्ञ जोसेफ लेव्हाइन यांनी १९८३ मध्ये रूढ केलेल्या ‘एक्स्प्लनेटरी गॅप’पाशी अडलेय. मी ‘स्पष्टीकरणातली दरी’ लिहिलं, पण मनाला पटत नाही.

दत्तूकाका: ‘अज्ञान’ लिही की. मेंदू अजून पुरता कळलेला नाही, एवढाच अर्थ.

अनुराधा: नाही काका, कळल्यावरही उरतं ते. तव्याला बोट लागलं की आधी चटका बसतो आणि जरा वेळाने आग होते. का, ते ठाऊक आहे. चटक्याची वर्दी नेणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टन असतं, ती वर्दी सेकंदाला ५ ते ३० मीटर धावते. आगीची वर्दी नेणारे सी-तंतू बारीक आणि बिनवेष्टनाचे, तिथे वेग साधारण १ मीटर. बोटापासून मणक्यापर्यंतचं अंतर धरलं की मधला उशीर जुळतो. म्हणजे आधी चटका का, याचं उत्तर मिळालं. पण दुसरी वर्दी पोचल्यावर आगच का होते, गुदगुल्या का नाहीत, किंवा काहीच न जाणवता हात नुसता मागे का येत नाही, हे त्या आकड्यांतून निघत नाही. पाण्याचं तसं नाही. रेणू एकमेकांना कसे धरतात ते कळलं की पाणी का वाहतं, का उकळतं, हे ओघानेच येतं.

विनय: मग आत्मा वेगळा हे सिद्धच झालं! ‘दरी’च बरोबर. इकडे जड, तिकडे चैतन्य.

अनुराधा: लेव्हाइन तिथवर जात नाहीत. वेदना म्हणजे सी-तंतूंचीच हालचाल, हे खरंही असेल. ते खरं का, हे उमगत नाही. फट समजुतीत आहे, जगातही आहे असं त्यावरून ठरत नाही. ती उडी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स मारतात. मेंदूच्या कामांबरोबर जाणवणं मुळात का असतं, या प्रश्नाचं ‘हार्ड प्रॉब्लेम’ हे नाव त्यांच्या १९९५ च्या लेखाने गाजलं. म्हणून ‘दरी’ नको. ऐकताच दोन काठ डोळ्यांपुढे येतात.

सुलभा: माझी दाढ काढली तेव्हा ओढलेलं कळत होतं, दुखत नव्हतं. हीच का ती फट?

अनुराधा: नाही हो, त्याची उकल आहे. बधिर करायचं औषध बारीक तंतू आधी बंद करतं, दाब कळवणारे जाड तंतू बरेचसे चालू राहतात.

दत्तूकाका: एकेकाळी ‘प्राण’ही असाच गूढ वाटायचा. आता कोण विचारतं?

अनुराधा: तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट तुमच्याच बाजूचे. चामर्स म्हणतात, तिथे वाढ, पुनरुत्पादन अशी कामंच उलगडायची होती; यंत्रणा सापडली, प्रश्न मिटला. इथे कामं उलगडूनही प्रश्न राहतो. मला चामर्स पटतात, पण डेनेट यांचा मुद्दा खोडता आलेला नाही.

विनय: एक गंमत. ‘वेदना’ हा शब्दच ‘विद्’वरून आलाय, म्हणजे जाणणं. न जाणवणारी वेदना म्हणायला गेलं की शब्दच आडवा येतो.

मुक्ता: ही तळटीप घेते! सध्या ‘उकलीतली फट’ लिहितेय. ‘हार्ड प्रॉब्लेम’ला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं तर गणिताचा पेपर वाटतो. दुसरं काही?

दत्तूकाका: ‘गाठ’? म्हणजे सुटेल असं तरी वाटतं.