ब्रेक मारला की हँडल थरथरतं, कोनसेट गेला का? पल्सर १५०

घाटपाखरू: गाडी पल्सर १५०, ३८ हजार किमी. परवा खंबाटकी उतरताना साधारण ५० वर पुढचा ब्रेक धरला तर हँडल डावीउजवीकडे थरथरायला लागलं, ब्रेक सोडला की बंद. खड्ड्यात पुढून टक असा आवाज पण येतो. गॅरेजवाला म्हणतो कोनसेट टाईट करू, १० मिनिटांचं काम. करून टाकू का आधी घरी काही बघता येईल?

सुसाट_सातारी: डिस्क वाकली असणार. माझी सेम थरथरायची, डिस्क बदलली, विषय संपला. कोनसेटच्या नादी लागू नको.

नाना_पानावाले: डिस्क वाकली असेल तर ब्रेकच्या लिव्हरला बोटाखाली धकधक लागते, चाक फिरेल तसतशी. ती लागते का सांग. लिव्हर शांत आणि हँडलच हलतंय, वर खड्ड्यात टक, म्हणजे मला आधी कोनसेटचाच संशय. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, त्यात ढिल असेल तर सगळा फोर्क तेवढा मागेपुढे खेळतो आणि तिथून थरथर सुरू होते.

घाटपाखरू: लिव्हरला धकधक नाही. घरी बघायचं कसं?

नाना_पानावाले: गाडी डबल स्टँडवर घे, मागे कोणालातरी बसव म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. तू समोर खाली बस, दोन्ही शॉकअप खालून, अॅक्सलजवळ धर आणि मागेपुढे ओढ. अजून एकाला सांग की फ्रेमची मान आणि खालचा टी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेव. तिथे टक लागली तर कोनसेट ढिला. वर काही नाही पण शॉकअपचा पाईप त्याच्या नळीत हलतोय असं वाटलं तर बुश गेलेत, मग कोनसेट कितीही आवळला तरी फरक पडणार नाही. नुसता ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलून बघतात ना, त्यात दोन्हीचा आवाज सारखाच येतो, कॅलिपरचासुद्धा, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही.
चाक हवेत आहे तोवर हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. बरोबर मध्ये खोबणीत बसल्यासारखं अडकतं का बघ.

मायाक्टिवा: माझी अॅक्टिव्हा ४० ला हात सोडले की हँडल हलवते, तेही हेच का?

नाना_पानावाले: ताई आधी हात सोडून बघणं बंद करा! तुमचं टायरमुळे पण असू शकतं, हवा आणि टायरची झीज बघा, मग कोनसेट. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

घाटपाखरू: बघितलं. खालच्या टीजवळ बोटाला स्पष्ट टक लागली. मध्ये किंचित अडकल्यासारखं वाटतं पण नक्की नाही. गॅरेजवाल्याने लगेच आवळून दिलं, थरथर गेली पण आता सिग्नलला हळू चालवताना गाडी सापासारखी जाते, सरळ धरावी लागते.

नाना_पानावाले: जास्त आवळलं त्याने. बहुतेक वरचा मोठा नट ढिला न करता छन्नी हातोडीने खालच्या खाचेच्या नटाला ठोकलं असेल, हे सगळीकडे चालतं. नीट करायचं तर वरच्या टीमध्ये शॉकअपचे पाईप पकडणारे बोल्ट आणि मधला मोठा नट आधी ढिले. मग टीच्या खालचा खाचेचा नट सी पान्याने सोडून परत हळूहळू आवळायचा, शेवटी एका वेळी आठवा भाग फेरा, प्रत्येक वेळी ओढून बघत, टक गेली की थांब. मग मोठा नट आवळ, शेवटी पाईपचे बोल्ट. गंमत अशी की मोठा नट आवळला की टी खालच्या नटाला दाबतो आणि फिटपणा थोडा वाढतो, म्हणून सगळं झाल्यावर परत तपासायचंच. हँडल मधून बोटाने ढकललं की स्वतःच्या वजनाने टोकाला पडलं पाहिजे. केबल आणि वायरिंग थोडं अडवतात तेवढं सोडून दे.

घाटपाखरू: रविवारी भावाला घेऊन केलं. पहिल्या वेळी मोठा नट आवळल्यावर परत जड झालं, मग खालचा थोडा मागे घेतला. आता टक नाही, सापासारखी पण जात नाही. पण मध्ये खोबण आहेच, आता तर स्पष्टच लागते.

सुसाट_सातारी: मग गोळ्या नवीन टाक, ५० रुपयांचं काम.

नाना_पानावाले: वाट्यांना खड्डे पडलेत, गोळ्यांना नाही फक्त. नवीन गोळ्या त्याच खड्ड्यात बसणार. वाट्यांसकट पूर्ण सेट टाक.

रोलरभाऊ: मी दोन वर्षांपूर्वी टेपर बेअरिंग टाकलं, अजून हात लावला नाही. तेच टाक.

नाना_पानावाले: टेपर चांगलं, पण या गाडीला मापात बरोबर बसणारं मिळालं तरच. मी दोनदा फिटिंगला तिरकं बसलेलं बघितलंय. तुझं कुठल्या मापाचं होतं ते सांग.

रोलरभाऊ: पावती शोधतो, सापडली तर टाकतो.